मागे पडलेले दोनशे मीटर

ट्रेडमिलच्या पडद्यावर बारावे मिनिट संपते आहे आणि अंतराच्या चौकटीत १.८० हा आकडा आहे. धावणाऱ्याला ५ किलोमीटर ३० मिनिटांत पूर्ण करायचे आहेत. म्हणजे ताशी १० किलोमीटरचा सरळ वेग, दर किलोमीटरला ६ मिनिटे. या हिशेबाने एव्हाना २ किलोमीटर व्हायला हवे होते. पण पाय जड वाटत होते, अंग तापले नव्हते, म्हणून सुरुवातीला पट्टा ९ वर ठेवला गेला आणि मग तो तिथेच राहिला. आता २०० मीटरची तूट आहे आणि हातात १८ मिनिटे. अंगठा वेगाच्या बटणाजवळ आलेला आहे. ते किती वेळा दाबायचे?

पावसाळ्यात पुण्या-मुंबईच्या जिममध्ये ट्रेडमिल रिकामी मिळणे मुश्कील असते, आणि हा प्रसंग तिथे रोज कुणावर तरी येतो. रस्त्यावर धावताना मागे पडल्याचे उशिरा कळते आणि वेग वाढवायचा तर तो अंदाजानेच वाढतो. ट्रेडमिलवर मात्र वेग ०.१ च्या पायरीने नेमका ठरवता येतो आणि अंतर दहा मीटरपर्यंत दिसते. गणिताला लागणारे सगळे डोळ्यांसमोर असते. तरीही बहुतेक जण हे गणित चुकवतात, आणि एकाच जागी चुकवतात.

चूक अशी होते. आपण ठरलेल्या वेगापेक्षा १ ने कमी धावलो, तर आता १ ने जास्त धावलो की फिटले, असे मनाला वाटते. अर्धी शर्यत ९ ने, अर्धी ११ ने, सरासरी १०. पण ‘अर्धी’ म्हणजे अडीच किलोमीटर असे धरले तर हा हिशेब जमत नाही. पहिले अडीच किलोमीटर ९ च्या वेगाने जायला १६ मिनिटे ४० सेकंद लागतात. उरलेले अडीच ११ च्या वेगाने १३ मिनिटे ३८ सेकंदांत होतात. बेरीज ३० मिनिटे १८ सेकंद. ते अठरा सेकंद भरून काढायचे तर दुसरा अर्धा भाग ११ ऐवजी ११.२५ ने धावावा लागतो. कारण उघड आहे. हळू धावताना तेवढ्याच अंतरावर जास्त वेळ जातो, म्हणून कमी वेगाचा वाटा सरासरीत मोठा होतो आणि जास्त वेगाचा लहान.

हाच हिशेब अंतराऐवजी वेळेवर मांडला की सरळ होतो. १५ मिनिटे ९ ने आणि १५ मिनिटे ११ ने धावले तर बरोबर ५ किलोमीटर भरतात. म्हणून ट्रेडमिलवर दुरुस्ती करताना किती अंतर उरले हे आधी पाहू नये. किती मिनिटे उरली आहेत ते पाहावे, आणि तूट मीटरमध्ये मोजावी.

ताशी १ किलोमीटरचा फरक एका मिनिटात साधारण १६.७ मीटरचा होतो, म्हणजे बटणाची ०.१ ची एक पायरी मिनिटाला १.६७ मीटर मिळवून देते. त्यावरून धावता धावता मनात करता येईल असे एक सूत्र निघते. तुटीचे मीटर घ्यायचे, त्यांना ०.६ ने गुणायचे आणि उरलेल्या मिनिटांनी भागायचे. जे उत्तर येईल तेवढ्या पायऱ्या ठरलेल्या वेगाच्या वर चढायच्या. आपल्या धावणाऱ्याची तूट २०० मीटर. २०० गुणिले ०.६ म्हणजे १२०, भागिले १८ म्हणजे ६.६७. यंत्राला अर्धी पायरी कळत नाही, तेव्हा ६ किंवा ७. वेग १०.६ किंवा १०.७. पायऱ्या १० च्या वर मोजायच्या, सध्याच्या ९ च्या वर नव्हे. दमलेल्या डोक्याकडून इथेही घोटाळा होतो.

या एका पायरीचा फरक किती? १०.६ ने १८ मिनिटांत ३.१८ किलोमीटर होतात, एकूण ४.९८. तिसाव्या मिनिटाला २० मीटर उरतात आणि जवळजवळ ७ सेकंद उशीर होतो. १०.७ ने ३.२१ होतात, म्हणजे १० मीटर पुढे, तीनेक सेकंद लवकर. शंका असेल तिथे वरची पायरी घ्यावी, कारण वेग बदलताना पट्टा लगेच उचल खात नाही आणि त्या काही सेकंदांत दोन-चार मीटर हातचे जातात.

इथपर्यंतचे गणित शाळेतले आहे. पुढचे शरीराचे आहे, आणि खरी गोष्ट तिथे सुरू होते.

समजा धावणाऱ्याने बाराव्या मिनिटाला काहीच केले नाही. ‘आणखी थोडे सैल होऊ दे अंग’ म्हणून तो ९ वरच राहिला. पंधराव्या मिनिटाला तूट २५० मीटर झाली असेल आणि लागणारा वेग ११. विसाव्या मिनिटाला तूट ३३३ मीटर आणि वेग १२. चोविसाव्या मिनिटाला ४०० मीटर आणि लागणारा वेग थेट १४. तूट वाढते एका ठरावीक गतीने, पण ती फेडायला उरलेला वेळ आटत जातो, म्हणून लागणारा वेग सुरुवातीला हळू आणि मग एकदम वर जातो. बारा ते पंधरा या तीन मिनिटांच्या चालढकलीची किंमत जेमतेम तीन पायऱ्या. वीस ते चोवीस या चार मिनिटांची किंमत वीस पायऱ्या.

आता यातला कोणता वेग या माणसाला झेपेल? याचे उत्तर द्यायला धावण्याच्या शास्त्रात एक जुनी आणि अतिशय उपयोगी कल्पना आहे. मोनो आणि शेरेर या फ्रेंच संशोधकांनी १९६५ मध्ये स्नायूंच्या कामाबद्दल असे दाखवले की कामाचा एक दर असा असतो, ज्याच्या खाली स्नायू बराच वेळ टिकतो, आणि ज्याच्या वर गेल्यावर त्याच्याजवळ फक्त एक ठरावीक साठा असतो. साठा संपला की थांबावे लागते. १९८४ मध्ये ह्यूसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच मांडणी ट्रेडमिलवर धावणाऱ्यांना लावली. त्या मधल्या सीमारेषेला आज क्रिटिकल स्पीड म्हणतात. तिच्या वरचा साठा मीटरमध्ये मोजला जातो. बहुतेक धावणाऱ्यांत तो साधारण शंभर ते तीनशे मीटरच्या दरम्यान सापडतो. इथे त्याला राखीव अंतर म्हणू.

ही सीमारेषा काय आहे? तिच्या खाली प्राणवायूचा वापर काही मिनिटांत एका पातळीवर येऊन स्थिरावतो. दम लागलेला असतो, घाम असतो, पण आतला कारभार तोललेला असतो. तिच्या वर तो स्थिरावत नाही. त्याच वेगाला शरीर दर मिनिटाला थोडा जास्त प्राणवायू मागत राहते, स्नायूंतले फॉस्फोक्रिएटिन घटत जाते, थकवा आणणारी द्रव्ये साठत जातात. सीमारेषेच्या जितके वर, तितकी ही घसरण जलद.

स्वतःची सीमारेषा शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. पूर्ण ताकदीने दोन वेळा धावावे लागते, वेगवेगळ्या दिवशी; एकदा ३ मिनिटे आणि एकदा १२ मिनिटे. (बारा मिनिटांची ही धाव केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये अमेरिकी हवाई दलातील जवानांच्या चाचणीसाठी लोकप्रिय केली आणि ती आजही जगभर वापरली जाते.) आपला धावणारा ३ मिनिटांत ६९० मीटर गेला आणि १२ मिनिटांत २,२२० मीटर, असे धरू. दोन्हींतला फरक १,५३० मीटर आणि ९ मिनिटे. भागाकार मिनिटाला १७० मीटर, म्हणजे ताशी १०.२. ही त्याची सीमारेषा. या वेगाने ३ मिनिटांत ५१० मीटर झाले असते, प्रत्यक्षात ६९० झाले. वरचे १८० मीटर हे त्याचे राखीव अंतर.

हे दोन आकडे हाती आले की ट्रेडमिलवरच्या त्या बाराव्या मिनिटाकडे नव्याने पाहता येते. ठरलेला १० चा वेग या माणसाच्या सीमारेषेच्या खाली होता. तो पहिल्यापासून १० ने धावला असता तर राखीव अंतराला हातही न लावता ३० मिनिटांत पोचला असता. हळू सुरुवात केली तर शेवटासाठी ताकद शिल्लक राहते, या समजुतीला इथे तडा जातो. राखीव अंतर ही भरलेली पाण्याची टाकी आहे. सुरुवातीला ती काठोकाठ असते, आणि ९ ने धावल्याने तिच्यात थेंबभरही वाढ होत नाही. सुरुवातीचा वेग सीमारेषेच्या वर असता, तर तो कमी करण्यात खरी बचत होती. ९ आणि १० हे दोन्ही खालचेच वेग, त्यामुळे त्यांच्यातल्या फरकाने काहीच वाचले नाही, अंतर मात्र गेले.

आणि आता उरलेले ३.२ किलोमीटर १८ मिनिटांत करायचे आहेत. सीमारेषेच्या वेगाने १८ मिनिटांत ३,०६० मीटर होतील. वरचे १४० मीटर टाकीतून येणार. टाकीत १८० आहेत, म्हणजे जमण्यासारखे आहे, पण सहज नाही. यापुढे ९ वर काढलेले प्रत्येक मिनिट या मागणीत आणखी २० मीटरची भर घालते, कारण सीमारेषा मिनिटाला १७० मीटर देते आणि ९ चा वेग १५०. तेराव्या मिनिटाला मागणी १६० मीटर, चौदाव्याला १८०. तिथे टाकी आणि मागणी बरोबरीत येतात. पंधराव्या मिनिटाला मागणी २०० मीटर होते आणि ३० मिनिटांचे उद्दिष्ट या माणसाच्या आवाक्याबाहेर जाते, मग तो शेवटी कितीही जीव तोडून धावो. विसाव्या मिनिटापर्यंत थांबणाऱ्याला टाकीतून ३०० मीटर हवे असतात. शेवटच्या पाच मिनिटांत भरून काढू म्हणणारे बहुतेकदा का अडकतात, ते या आकड्यांत दिसते.

चौदावे मिनिट हे या एका माणसाचे आहे. ज्याची सीमारेषा १२ आहे त्याला हा सगळा प्रसंग किरकोळ वाटेल. ज्याची ९.८ आहे त्याला १० चा सरळ वेगही टाकीतून पाणी काढायला लावेल. शिवाय ही मांडणी म्हणजे एक सोपा नमुना आहे. रात्रीची झोप, उकाडा, आदल्या दिवशीचा व्यायाम यांनी दोन्ही आकडे हलतात, त्यामुळे ‘१८०’ हा आकडा मीटरपट्टीने मोजल्यासारखा घेऊ नये. पण उशीर महाग पडतो, आणि किती महाग पडतो, हे त्यातून विश्वासाने समजते.

या मांडणीतून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती बटण दाबणाऱ्याच्या थेट कामाची आहे. सीमारेषेच्या वर असेपर्यंत टाकीतले पाणी कोणत्या क्रमाने काढले याने एकूण खर्च बदलत नाही. मग ९ वरून एकदम १०.७ वर उडी मारण्याची गरज उरत नाही. आपल्या धावणाऱ्यासाठी एक आराखडा असा बसतो. बाराव्या मिनिटाला पट्टा १०.२ वर, सीमारेषेवर, आणि तिथे दोन मिनिटे. या दोन मिनिटांत टाकी उघडत नाही आणि पावलांना नवी लय सापडते. चौदाव्या मिनिटाला पडद्यावर २.१४ असतील. तिथून १०.६, सलग बारा मिनिटे. विसाव्या मिनिटाला ३.२० दिसले पाहिजेत. हा पडताळ्याचा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. सव्विसाव्या मिनिटाला ४.२६. आता उरतात ७४० मीटर आणि ४ मिनिटे, त्यांना वेग हवा ११.१. टाकीतला एकूण खर्च पुन्हा १४० मीटर, एकाच वेगाने धावला असता तितकाच. फरक एवढाच की सर्वांत कठीण चार मिनिटे शेवटी आली, जेव्हा पुढे काही राखून ठेवायचे नसते.

मधली बारा मिनिटे १०.६ वर काढताना धावणाऱ्याने पडद्याकडे सतत पाहू नये. खाली पाहिले की मान झुकते, छाती आवळते आणि पाऊल लांब पडू लागते. दर दोन मिनिटांनी एक नजर पुरेशी आहे.

वेग वाढला की पहिली ओढ लांब टांगा टाकण्याची असते. रस्त्यावर ते काही वेळ खपून जाते, ट्रेडमिलवर नाही. पाय शरीराच्या फार पुढे पडला की टाच पट्ट्याला अडवल्यासारखी आपटते आणि तिचा आवाज शेजारच्या यंत्रापर्यंत जातो. तो ‘थप थप’ आवाज हे पहिले लक्षण. दुसरे लक्षण म्हणजे माणूस नकळत पट्ट्यावर मागे सरकू लागतो. समोरच्या दांड्यापासूनचे अंतर हातभर वाढलेले दिसते. तिसरे म्हणजे हात दांड्यावर जातो. दांडा धरला की शरीराचे थोडे वजन हातांवर जाते आणि श्रम घटतात. पडद्यावर अंतर मोजले जात राहते, पण ते पूर्णपणे त्याच्या पायांनी कापलेले नसते. पाऊल लांब करण्याऐवजी ते लवकर उचलण्याकडे लक्ष दिले तर १०.६ चा वेग बराच सोपा जातो.

श्वासावरून टाकीचा अंदाज घेता येतो. सीमारेषेच्या आसपास चार-पाच शब्दांचे वाक्य तुटक का होईना, बोलता येते. तिच्या बऱ्याच वर गेल्यावर एक-दोन शब्दांपलीकडे जमत नाही. सव्विसाव्या मिनिटाला ही अवस्था आली तर ठीक, ती यायलाच हवी. सोळाव्या मिनिटालाच आली तर त्या दिवशीची सीमारेषा मानली होती तिच्या खाली आहे. मग पट्टा दोन-तीन पायऱ्या खाली आणून साडेतीस किंवा एकतीस मिनिटांचे नवे गणित मांडणे हेच शहाणपणाचे, नाहीतर बाविसाव्या मिनिटाला थांबावे लागते आणि पाच किलोमीटरही होत नाहीत. छातीत दुखणे, गरगरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे यांपैकी काहीही झाले तर वेळ विसरून पट्टा थांबवायचा.

बंद खोलीत उकाड्याचा प्रश्न मोठा असतो. बाहेर धावताना अंगावर वारा येतो तो आपल्याच वेगाचा. ट्रेडमिलवर शरीर एका जागी असते, त्यामुळे घाम वाळत नाही, अंग तापते आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके मिनिटामागून मिनिट वाढत जातात. दमट हवेत, मुंबईसारख्या शहरात, समोर पंखा नसेल तर दुसऱ्या टप्प्यातला वेगवाढीचा बेत केवळ याच कारणाने फसू शकतो.

वेगाशिवाय यंत्रावर दुसरेही एक बटण असते, चढाचे. अनेक धावणारे ट्रेडमिलवर १ टक्का चढ ठेवतात. त्यामागे जोन्स आणि डाउस्ट या ब्रिटिश संशोधकांचा १९९६ चा अभ्यास आहे. बाहेर हवेच्या विरोधाला जी ताकद लागते ती ट्रेडमिलवर लागत नाही, आणि १ टक्का चढ ती उणीव जवळपास भरून काढतो, असे त्यांना आढळले. पण त्यांनी तपासलेले वेग ताशी साडेदहापासून अठरापर्यंतचे होते. आपल्या धावणाऱ्याच्या ९-१० च्या वेगाला हवेचा विरोध इतका थोडा असतो की चढ ठेवला काय, न ठेवला काय, बाहेरच्या तुलनेत फारसा फरक पडू नये. श्रमांत मात्र पडतो. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या प्रचलित सूत्राने मोजले तर १ टक्का चढावर १०.२ ने धावायला जितका प्राणवायू लागतो, जवळपास तितकाच सपाटीवर १०.७ ने धावायला लागतो.

हा योगायोग इथे फारच सोयीचा आहे. धावणाऱ्याने सुरुवातीपासून १ टक्का चढ ठेवला असेल आणि बाराव्या मिनिटाला तो शून्यावर आणला, तर लागणारा १०.७ चा वेग त्याला चढावरच्या १०.२ इतकाच जड वाटेल. उद्दिष्ट फक्त वेळेचे असेल तर ही दुरुस्ती योग्य आहे. गेल्या आठवड्याच्या धावेशी तुलना करायची असेल तर मात्र दोन्ही दिवशी चढ सारखाच हवा, आणि सीमारेषेची ती दोन चाचणी-धावांची मोजणीही त्याच चढावर केलेली हवी.

हळू सुरुवात ही मुळात चूकच का, असाही प्रश्न कुणी विचारेल. इथे पुरावा काय सांगतो ते ऐकण्यासारखे आहे. २००६ मध्ये अमेरिकेत मध्यम सराव असलेल्या धावपटू स्त्रियांवर ट्रेडमिलवरच पाच किलोमीटरचा प्रयोग झाला. पहिले १.६३ किलोमीटर कधी त्यांच्या नेहमीच्या सरासरी वेगाने, कधी ३ टक्के जास्त, कधी ६ टक्के जास्त वेगाने धावायला लावले आणि पुढचा वेग त्यांच्यावर सोडला. बहुतेकींची उत्तम वेळ जलद सुरुवात केल्यावर आली. त्याच वर्षी टकर, लँबर्ट आणि नोक्स यांनी पुरुषांच्या जागतिक विक्रमांचे तुकडे तपासले, तेव्हा ५,००० मीटरमध्ये पहिला आणि शेवटचा किलोमीटर मधल्यांपेक्षा जलद असतो, असे दिसले. युगांडाच्या जोशुआ चेप्तेगेईने १४ ऑगस्ट २०२० रोजी मोनॅकोत ५,००० मीटर १२ मिनिटे ३५.३६ सेकंदांत पार केले, तेव्हा ट्रॅकच्या आतल्या कडेने विक्रमाच्या गतीने सरकणारे दिवे लावलेले होते, आणि त्याचे किलोमीटर जवळजवळ सारख्या वेळेत पडत गेले, प्रत्येकी अडीच मिनिटांच्या आसपास. ट्रेडमिलच्या भाषेत तो वेग ताशी २३.८ होतो; जिममधली बरीच यंत्रे २० च्या आसपास संपतात.

या सगळ्यात एक गोष्ट धावणाऱ्याच्या बाजूने आहे. थंड अंगाने एकदम जोरात पळणे बरे नव्हे, हे खरेच आहे. पट्टा सुरू झाल्यावर शरीराचा प्राणवायू-पुरवठा मागणीपर्यंत पोचायला दोन-तीन मिनिटे घेतो. पण त्यासाठी वेगळा वॉर्म-अप असतो. पाच ते दहा मिनिटे ६ ते ९ च्या वेगाने चालून-पळून घ्यायचे, मग यंत्र थांबवून आकडे शून्यावर आणायचे आणि पुन्हा सुरू करायचे. जे वॉर्म-अप त्याच ५ किलोमीटरमध्ये उरकतात त्यांच्या पडद्यावर बाराव्या मिनिटाला हमखास १.८० दिसतात. नव्याने सुरू करतानाही थोडे नुकसान होतेच. पट्टा १ च्या आसपासच्या वेगापासून उचल घेतो, घड्याळ मात्र लगेच चालू होते. दहापर्यंत पोचायला वीस सेकंद लागले तर तिथेच पंचविसेक मीटर मागे पडतात. वरच्या सूत्राने ते फेडायला पहिल्या पंधरा मिनिटांत एक पायरी पुरते: २५ गुणिले ०.६, भागिले १५, उत्तर १. म्हणजे पंधरा मिनिटे १०.१ वर धावायचे आणि मग १० वर यायचे.

उरला प्रश्न पडद्यावरच्या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा याचा. मनगटावरचे घड्याळ हाताच्या हालचालीवरून अंतर ओळखते. वेग मध्येच बदलला की ते गोंधळते आणि यंत्राहून वेगळा आकडा दाखवते. धावण्याआधीच दोहोंपैकी कोणते मानायचे ते ठरवावे आणि गणित त्याच्याच आकड्यांवर करावे. यंत्रही पूर्ण खरे असेलच असे नाही. ते रोलरच्या फेऱ्यांवरून किंवा मोटरच्या गतीवरून अंतर काढते आणि वापराने, पट्टा सैल होण्याने त्यात फरक पडत जातो.

हे तपासणे सोपे आहे. यंत्र बंद असताना पट्ट्याची पूर्ण लांबी टेपने मोजायची, हाताने फिरवत फिरवत. कडेला रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. मग एक जण १० च्या वेगाने धावतो आणि दुसरा बाजूला उभा राहून तो तुकडा वीस वेळा पुढे येऊन जाईपर्यंत स्टॉपवॉच लावतो. कुणीतरी धावत असतानाच हे करायचे, कारण वजन पडल्यावर पट्टा थोडा दबून चालतो आणि रिकाम्या यंत्रावरचे मोजमाप खोटे पडते. पट्टा ३.२० मीटरचा असेल तर वीस फेऱ्या म्हणजे ६४ मीटर, आणि १० च्या वेगाला त्यासाठी २३ सेकंद लागायला हवेत. २४ सेकंद लागले तर खरा वेग ९.६ आहे, आणि पडद्यावर ५.०० उमटतात तेव्हा पट्टा प्रत्यक्षात ४.८० किलोमीटरच फिरलेला असतो. अशा यंत्रावर खरोखर १० ने धावायचे तर बटण १०.४ वर न्यावे लागेल, आणि बाराव्या मिनिटाच्या तुटीचा हिशेबही तिथूनच सुरू करावा लागेल.